तुपाच्या बरणीवरचा पत्ता आणि परवाना क्रमांक कसा पडताळायचा

तुपाच्या बरणीवर एफएसएसएआयचे चिन्ह असते आणि त्याखाली चौदा आकडी परवाना क्रमांक. बरेच जण एवढे पाहून बरणी पिशवीत टाकतात. पण लेबल छापताना त्या क्रमांकाची खातरजमा कोणी करतोच असे नाही. बनावट माल बाजारात आणणाऱ्याला आकडे मनाने रचण्याची गरजही पडत नाही. दुसऱ्या कोणाचा तरी चालू परवाना क्रमांक त्याला कुठल्याही पाकिटावरून उचलता येतो. म्हणून क्रमांक संकेतस्थळावर सापडला एवढ्यावर थांबू नये. त्या क्रमांकाच्या नोंदीतले नाव, पत्ता, पदार्थ आणि परवान्याची स्थिती या चारही गोष्टी हातातल्या बरणीशी जुळल्या, तरच त्याला पडताळणी म्हणता येईल.

इथे उदाहरण तुपाचे घेतले आहे, कारण महाग असल्याने त्यात नकली मालाचा सुळसुळाट मोठा आणि एकाने बनवायचे, दुसऱ्याने भरायचे, तिसऱ्याने विकायचे हा प्रकारही सर्रास. मसाले, मध, खाद्यतेल यांनाही हीच पद्धत लागू पडते.

आधी बरणी कशासाठी आहे ते पाहा

पूजेच्या सामानाच्या दुकानात, आणि कधी कधी किराणा दुकानातही, खाण्याच्या तुपाशेजारीच दिव्याचे तूप मांडलेले असते. रंग, बरणी, गायीचे चित्र सगळे सारखेच दिसते. जे मानवी सेवनासाठी नाही त्यावर काळ्या रेघेच्या चौकोनात काळी फुली छापण्याचा नियम आहे. ती फुली दिसली, किंवा बारीक अक्षरात पूजेसाठी, दिव्यासाठी असे काही लिहिलेले आढळले, तर पुढची पडताळणी करण्यात अर्थ नाही. ते खायचे नाही.

मग मागच्या बाजूला कोण कोण आहे ते वाचा

लेबलच्या मागच्या भागात कंपनीच्या नावाआधी दोन-तीन शब्द असतात. सगळा उलगडा त्या शब्दांत असतो. ‘मॅन्युफॅक्चर्ड बाय’ म्हणजे ज्याच्या कारखान्यात तूप कढले तो. ‘पॅक्ड बाय’ म्हणजे ज्याने ते बरणीत भरले तो. तुपाच्या धंद्यात पंधरा किलोचे डबे विकत घेऊन त्यातून अर्धा-अर्धा लिटरच्या बरण्या भरणारे बरेच आहेत आणि रीतसर परवाना घेऊन ते काम करण्यात गैर काही नाही. ‘मार्केटेड बाय’ म्हणजे ज्याच्या नावाने ते विकले जाते तो. त्याच्याकडे कढई नसली तरी चालते.

दर्शनी भागावरचे मोठे ब्रँडनाव बहुधा या तिसऱ्याचे असते. तो स्वतः उत्पादक नसेल, तर ज्याने बनवले किंवा भरले त्याचेही नाव, पत्ता आणि परवाना क्रमांक लेबलवर यायला हवा. म्हणजे एकाच बरणीवर दोन क्रमांक असणे हे गडबडीचे लक्षण नाही, उलट ते व्यवस्थित लेबल आहे. काळजी करायची ती फक्त ‘मार्केटेड बाय’ असेल आणि बनवणाऱ्याचा कुठेच पत्ता नसेल तेव्हा.

पत्ता पूर्ण हवा. वजनमापांच्या आवेष्टित वस्तू नियमांत त्याची कसोटी साधी ठेवली आहे: ग्राहकाला तो उत्पादक शोधून काढता आला पाहिजे. प्लॉट किंवा गट क्रमांक, रस्ता किंवा औद्योगिक वसाहत, गाव, तालुका, जिल्हा आणि पिनकोड असा पत्ता असेल तर तो शोधता येतो. नुसते ‘पुणे, महाराष्ट्र’ किंवा ‘कोल्हापूर’ एवढेच असेल तर नाही. फक्त मोबाइल क्रमांक आणि समाजमाध्यमावरचे खाते म्हणजे पत्ता नव्हे. याशिवाय तक्रारीसाठी संपर्काचे नाव, पत्ता, फोन आणि ई-मेल छापणेही बंधनकारक आहे. पाव चमच्याच्या पुड्यांसारख्या अगदी छोट्या पाकिटांना काही तपशील बाहेरच्या मोठ्या पाकिटावर देण्याची सवलत आहे. पाचशे मिलीच्या बरणीला तशी सबब नाही.

पत्त्यावर वेगळे स्टिकर डकवलेले असेल तर नखाने हलकेच उचलून पाहा. आयात मालावर आयातदाराचे नाव, पत्ता आणि परवाना क्रमांक यांचे स्टिकर रीतसर चालते. देशात बनलेल्या तुपावर जुना पत्ता झाकणारे स्टिकर मात्र चालत नाही. खाली दुसऱ्याच कंपनीचे नाव निघाले, तर ती बरणी दुकानातच ठेवा.

चौदा आकडे काय सांगतात

क्रमांक मोबाइलवर टाकण्याआधी तो नुसता वाचूनही बरेच कळते. सुरुवातीचे पाच आकडे महत्त्वाचे.

पहिला आकडा १ किंवा २ असतो. १ म्हणजे परवाना, २ म्हणजे नोंदणी. नोंदणी ही घरगुती आणि अगदी छोट्या व्यवसायांसाठी असते. दुसरा आणि तिसरा आकडा राज्याचा: महाराष्ट्राचा १५, गोव्याचा ०६, गुजरातचा ०७, कर्नाटकाचा १२. त्या जागी ०० असेल तर परवाना राज्याने नव्हे, केंद्राने दिलेला आहे. चौथा आणि पाचवा आकडा परवाना पहिल्यांदा मिळाला त्या वर्षाचा. पुढचे तीन आकडे परवाना देणाऱ्या कार्यालयाशी संबंधित आणि शेवटचे सहा अनुक्रमांकाचे. त्यांच्यावरून ग्राहकाला फारसे काही काढता येत नाही.

म्हणजे `115` ने सुरू होणारा क्रमांक महाराष्ट्र राज्याचा परवाना, `215` ने सुरू होणारा महाराष्ट्रातली नोंदणी आणि `100` ने सुरू होणारा केंद्रीय परवाना. केंद्रीय परवान्यात राज्य दिसत नाही, त्यामुळे सांगली किंवा आणंदचा पत्ता आणि `100` ही जोडी अगदी नेहमीची आहे.

यातून तीन विसंगती दुकानात उभ्या उभ्या पकडता येतात. पहिली, वर्षाची. क्रमांकात २४ असेल आणि पॅकिंगची तारीख २०२३ मधली असेल, तर परवाना मिळण्याआधीच माल तयार झाला असा अर्थ होतो, आणि याला भले स्पष्टीकरण मिळणे कठीण. उलट बाजूने मात्र घाई करू नका: क्रमांकात १२ आणि पॅकिंग २०२५ चे, यात काही वावगे नाही, कारण नूतनीकरणानंतर क्रमांक तोच राहतो. दुसरी विसंगती राज्याची. कारखाना गुजरातचा आणि त्याच्यासमोर `115` चा क्रमांक, तर तो क्रमांक त्या कारखान्याचा नाही. कदाचित मुंबईच्या विक्रेत्याचा असेल. तसे असेल तर कारखान्याचा वेगळा क्रमांक शोधा. तिसरी आयात मालाची. आयातदाराला केंद्रीय परवानाच लागतो, त्यामुळे परदेशी लोण्याच्या किंवा चॉकलेटच्या स्टिकरवर २ ने सुरू होणारा क्रमांक असूच शकत नाही.

आकडे मोजायलाही विसरू नका. सतरा आकडे भरले तर तो बहुधा अर्जाचा संदर्भ क्रमांक असतो. अर्ज केल्यावर तो मिळतो, परवाना मिळाल्याचा तो पुरावा नाही. ‘परवाना प्रक्रियेत’ असे लिहून विकलेल्या मालाचेही तेच.

आणखी एक गोंधळ बिलामुळे होतो. २०२२ पासून दुकानदाराला स्वतःचा क्रमांक बिलावर छापावा लागतो. तो त्या दुकानाचा असतो, तुपाचा नव्हे. ‘हा बघा नंबर’ म्हणून दुकानदाराने बिल पुढे केले तरी पडताळायचा तो बरणीवरचाच.

संकेतस्थळावर पडताळणी

ब्राउझरमध्ये पत्ता हाताने टाका: `foscos.fssai.gov.in`. शोधयंत्रातून गेल्यास परवाना काढून देणाऱ्या दलालांची मिळतीजुळती संकेतस्थळे आधी येतात. मुख्य पानावर `FBO Search` आहे. लॉगिन लागत नाही. क्रमांक टाका, चित्रातली अक्षरे भरा आणि शोधा. मोबाइलवर `Food Safety Connect` या अॅपमधूनही क्रमांक तपासता येतो आणि पुढे तक्रारही तिथूनच करता येते.

काहीच सापडले नाही, तर आधी क्रमांक पुन्हा वाचा. बरण्यांवर लहान टायपात छापलेले ० आणि ८, १ आणि ७, ३ आणि ८ फसवतात. मोबाइलने फोटो काढून मोठा करून पाहणे सगळ्यांत सोपे. सरकारी संकेतस्थळ अधूनमधून रुसते, म्हणून घरातल्या एखाद्या नामांकित पाकिटावरचा क्रमांक टाकून पाहा. तो सापडला आणि बरणीचा नाही सापडला, तर दोष संकेतस्थळाचा नाही.

नोंद सापडली की कंपनीचे नाव, जागेचा पत्ता, परवान्याचा प्रकार आणि स्थिती दिसते. शेजारी `View Products` असते. ती दाबल्याशिवाय पान बंद करू नका, कारण उसना क्रमांक तिथेच उघडा पडतो. आता एकेक जुळवू.

नाव: लेबलवर ब्रँडचे नाव असते, परवाना कंपनीच्या किंवा मालकाच्या नावावर असतो. दोन्ही वेगळी असणे साहजिक आहे. जुळवायचे ते ‘बाय’ या शब्दानंतरचे नाव. तेच वेगळे निघाले तर गडबड आहे.

पत्ता: परवाना जागेचा असतो. एकाच कंपनीचे दोन कारखाने असतील तर प्रत्येकाचा परवाना वेगळा. म्हणून उत्पादकासमोरचा क्रमांक टाकल्यावर कारखान्याचाच पत्ता यायला हवा. शब्दशः जुळण्याचा आग्रह धरू नका, ‘गट नं.’ ऐवजी ‘सर्व्हे नं.’, गावाच्या नावाचे वेगळे इंग्रजी स्पेलिंग, औरंगाबाद आणि छत्रपती संभाजीनगर असे फरक येतात. गाव आणि पिनकोड मात्र जुळलेच पाहिजेत.

पदार्थ: यादीत तूप हवे. ते दुग्धजन्य पदार्थांत न दिसता तेल आणि स्निग्ध पदार्थांच्या गटात दिसले तर दचकू नका. वर्गीकरणात तुपाची जागा तिथेच आहे. पण परवाना लोणच्याचा आणि बरणी तुपाची असेल, किंवा परवाना केवळ किरकोळ विक्रीचा असून लेबलवर ‘मॅन्युफॅक्चर्ड बाय’ असेल, तर तो क्रमांक या तुपाचा नाही.

स्थिती: `Active` हवी. `Expired`, `Suspended`, `Cancelled` दिसल्यास पॅकिंगची तारीखही पाहा. सहा महिन्यांपूर्वी भरलेली बरणी आणि गेल्या महिन्यात संपलेला परवाना, यात भरण्याच्या दिवशी परवाना चालू होता. दोन वर्षांपूर्वी रद्द झालेल्या परवान्यावर गेल्या महिन्यात भरलेली बरणी ही सरळ बेकायदा.

एक बरणी शेवटपर्यंत तपासू

समजा पाचशे मिलीची बरणी आहे. पुढे ‘गावरान गायीचे तूप’. मागे ‘मार्केटेड बाय’, पुण्यातल्या एका फूड्स कंपनीचे नाव, पेठेतला पत्ता, पिनकोड ४११ ने सुरू होणारा. क्रमांक `11519` ने सुरू होतो. पॅकिंग जानेवारी २०२५. दुसरे कोणतेही नाव नाही.

वाचूनच कळते: महाराष्ट्राचा परवाना, २०१९ मध्ये मिळालेला, पॅकिंग त्यानंतरचे. विसंगती नाही. संकेतस्थळावर नाव जुळते, पत्ता जुळतो, स्थिती `Active`. इथे बहुतेक जण निर्धास्त होतात. `View Products` उघडल्यावर दिसते की परवाना घाऊक विक्रीचा आहे. म्हणजे पुण्यातला विक्रेता खराखुरा आहे, पण तूप कुठे आणि कोणी बनवले, बरणीत कोणी भरले, हे लेबल सांगतच नाही. घाऊक विक्रीच्या परवान्यावर तूप बनवता येत नाही आणि डब्यातून बरणीत भरताही येत नाही. भरण्यासाठी रिपॅकरचा परवाना लागतो.

आता लेबलवरच्या ग्राहक संपर्काला फोन करून तीन गोष्टी विचाराव्यात: या बॅच क्रमांकाचे तूप कोणत्या कारखान्यात बनले, ते कुठे भरले आणि त्या कारखान्याचा परवाना क्रमांक काय. बॅच क्रमांक तुम्ही आधी सांगा. नीट कारभार असलेली कंपनी हे लगेच किंवा दिवसाभरात कळवते. समजा `107` ने सुरू होणारा क्रमांक मिळाला. तो टाकला, गुजरातची डेअरी निघाली, स्थिती चालू, यादीत तूप. मग तुपाचा माग लागला, पण लेबल तरीही अपुरे आहे आणि त्याची तक्रार होऊ शकते. ‘आमच्याकडे सगळे परवाने आहेत’ एवढेच उत्तर दोनदा मिळाले, तर ते तूप घेऊ नये असे आमचे स्पष्ट मत आहे.

मोठ्या ब्रँडच्या बरणीवर वेगळीच अडचण येते. तिथे चार-पाच कारखान्यांचे पत्ते आणि क्रमांक ओळीने छापलेले असतात, प्रत्येकाआधी एक अक्षर किंवा छोटा संकेत. शेजारी लिहिलेले असते की बॅच क्रमांकातले पहिले अक्षर पाहून कारखाना ओळखा. बॅच क्रमांक लेबलवर नसतो. तो झाकणावर, बुडाशी किंवा बरणीच्या गळ्याजवळ शाईने उमटवलेला असतो. तिथले अक्षर यादीत शोधा आणि त्याच्यासमोरचाच क्रमांक तपासा. लेबल हुबेहूब नक्कल करून छापता येते, पण बॅच शाईने वेगळी मारावी लागते, आणि नक्कल करणारे इथे चुकतात: यादीत ए ते डी एवढेच कारखाने आणि झाकणावर के. किंवा दुकानातल्या सगळ्या बरण्यांवर महिने वेगळे पण बॅच क्रमांक एकच. शक्य असेल तर फळीवरच्या दोन-तीन बरण्या उचलून पाहाव्यात.

पत्त्याची स्वतंत्र परीक्षा

परवान्याची नोंद जुळली तरी पत्ता एकदा पिनकोडवरून तपासून घ्यावा. मिनिटभराचे काम आहे. ४११ पुण्याचा, ४२२ नाशिकचा, ४१६ कोल्हापूर-सांगलीकडचा, ४४० नागपूरचा, ४०३ गोव्याचा. गुजरातचे पिनकोड ३६ ते ३९ ने सुरू होतात. लेबलवर गाव नाशिक जिल्ह्यातले आणि पिनकोड ४११ चा, ही चूक खऱ्या कारखान्याच्या लेबलवर सहसा राहत नाही, कारण त्यांची टपाल आणि कुरियरची रोजची ये-जा त्याच पत्त्यावर असते.

बिलावर किंवा कंपनीच्या संकेतस्थळावर जीएसटी क्रमांक असेल तर तोही वापरा. त्याचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात: महाराष्ट्र २७, गोवा ३०, गुजरात २४. एफएसएसएआयच्या १५ शी ते जुळत नाहीत. दोन्ही यादी वेगळ्या आहेत. जीएसटीच्या संकेतस्थळावर तो टाकला की कायदेशीर नाव आणि व्यवसायाचे मुख्य ठिकाण दिसते. नकाशावर तो पत्ता निवासी सदनिका दाखवत असेल तर लगेच निष्कर्ष काढू नका. घरगुती उत्पादकाचे तूप सदनिकेतच कढते आणि त्याची `215` ची नोंदणी प्रामाणिक असते. मात्र तोच माल देशभर मोठ्या साखळी दुकानांत दिसत असेल, तर प्रश्न विचारायलाच हवा.

बरणीवर अॅगमार्कचे चिन्ह असेल, तर त्याला वेगळा अधिकारपत्र क्रमांक असतो. पाण्याच्या बाटलीवर आयएसआय चिन्ह असेल, तर त्याखालचा `CM/L` ने सुरू होणारा क्रमांक `BIS Care` अॅपमध्ये तपासता येतो. एफएसएसएआयच्या संकेतस्थळावर हे क्रमांक टाकून उपयोग नाही.

सगळे जुळले तरी काय उरते

परवाना म्हणजे त्या जागी तो पदार्थ बनवण्याची मुभा. बरणीतले तूप भेसळीचे नाही, असे तो सांगत नाही. ते प्रयोगशाळाच सांगू शकते. आणि नामांकित ब्रँडच्या बरणीची हुबेहूब नक्कल केली असेल, तर छापलेले नाव, पत्ता, क्रमांक सगळेच खरे निघणार, कारण ते मूळ कंपनीचेच आहेत. अशा वेळी कागदोपत्री पडताळणी तोकडी पडते. तिथे कंपनीच्या संपर्कावर झाकण, बॅच आणि लेबल यांचे फोटो पाठवून ही बॅच तुमची आहे का, हे विचारावे, आणि दुकानदाराकडे खरेदीचे बिल आहे का तेही पाहावे. नेहमीपेक्षा फारच कमी दरात, बिलाविना विकले जाणारे नामांकित तूप या पडताळणीशिवाय घेऊच नये.

तक्रार करताना

शंका पक्की झाली की बरणी उघडू नका. उघडली असेल तर उरलेले तूप त्याच बरणीत ठेवा. लेबलच्या चारही बाजू, बॅच आणि तारखेचा शिक्का, बिल आणि संकेतस्थळावरची नोंद यांचे फोटो काढा. ‘तूप नकली आहे’ असे मोघम लिहिण्यापेक्षा ‘लेबलवरचा क्रमांक अमुक, नोंदीत त्यावर लोणच्याच्या उत्पादकाचे नाव व अमुक गावचा पत्ता आहे’ असे लिहा. अधिकाऱ्याला तपास कुठून सुरू करायचा ते त्यातून कळते.

तक्रार `Food Safety Connect` अॅपवर करता येते किंवा एफएसएसएआयच्या १८००-११२-१०० या क्रमांकावर. महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाचा टोल फ्री क्रमांक १८००-२२२-३६५ आहे. पत्ता अपुरा आहे, निव्वळ वजन नाही, जुन्या मजकुरावर स्टिकर आहे, अशा बाबी वजनमापे विभागाच्या अखत्यारीत येतात. पैसे परत मिळवायचे असतील तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे जा. ज्या कंपनीचा क्रमांक उसना घेतला आहे, तिलाही कळवा. आपला परवाना दुसऱ्याच्या बरणीवर छापला जातोय हे तिला माहीतही नसते.

तूप स्वतः तपासून घ्यायचे असेल तर अन्न सुरक्षा कायद्याच्या ४०व्या कलमाने ग्राहकाला शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून नमुना तपासून घेता येतो, आणि अहवालात दोष निघाला तर ते शुल्क परत मिळण्याची तरतूद आहे. त्यासाठी नमुना कसा आणि किती द्यायचा हे जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासन कार्यालयात आधी विचारून मगच बरणी घेऊन जा.